बारा नंबरची जर्सी: एका आभारपत्राचं प्रकरण

शाळेला कुणी काही दिलं की आभाराचं पत्र जातंच. पंखा दिला, वह्या दिल्या, पाण्याची टाकी दिली, प्रत्येक वेळी तेच चार ओळींचं पत्र, वरचं नाव बदललेलं. मीही अशी पंधरा-वीस पत्रं लिहिली असतील. मी मराठी शिकवते, म्हणून पत्रं माझ्याकडे येतात. शाळेत खेळाचा स्वतंत्र शिक्षक नाही, म्हणून मुलींची कबड्डीही माझ्याकडेच. या दोन गोष्टी एका पत्रात एकत्र आल्या आणि मला ते पत्र तीनदा लिहावं लागलं. तिन्ही वेळा काय बदललं आणि का बदललं, ते इथे मांडते आहे.

आमची माध्यमिक शाळा वेंगुर्ले तालुक्यात, किनाऱ्याकडच्या बाजूला. पट लहान. तरी शालेय क्रीडा स्पर्धेत मुलींचे दोन संघ दरवर्षी उतरतात, १४ वर्षांखालचा आणि १७ वर्षांखालचा. कबड्डीत मैदानात सात जणी आणि बाहेर पाच राखीव, म्हणजे एका संघात बारा. दोन संघांच्या मिळून चोवीस मुली. आणि आमच्याकडे टी-शर्ट होते नऊ. काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी दिलेले, पांढरे, आता मातीच्या रंगाचे झालेले.

गावाजवळ काजू प्रक्रियेचा एक मध्यम कारखाना आहे. मालक इथलेच, स्वतः बॉयलरपाशी उभे राहणारे. एका पालकसभेनंतर त्यांनी विचारलं, पोरींच्या खेळाला काय लागतं? मी म्हटलं, कपडे. त्यांनी चोवीस जर्सी आणि चोवीस शॉर्ट करून दिल्या. मापं आम्ही शिंप्याच्या टेपने घेतली, रंग मुलींनी ठरवला, गडद निळी जर्सी आणि काळी शॉर्ट. छातीवर शाळेचं नाव, पाठीवर आणि पोटावर नंबर. छपाईवाला कारखान्याचं नाव छातीवर मोठं टाकायला निघाला होता, मालकांनीच ते बाहीवर लहान घ्यायला सांगितलं. तालुक्याच्या स्पर्धेच्या आठ दिवस आधी गठ्ठा शाळेत आला.

त्याच संध्याकाळी मी पत्राचा पहिला मसुदा लिहिला. तो असा होता:

"महोदय, आपण उदार अंतःकरणाने आमच्या शाळेतील गोरगरीब व होतकरू विद्यार्थिनींना क्रीडा गणवेश उपलब्ध करून दिलात, याबद्दल शाळा आपली सदैव ऋणी राहील. आपल्या दातृत्वामुळे विद्यार्थिनींचा आत्मविश्वास द्विगुणित झाला असून त्या यशाची शिखरे गाठतील यात शंका नाही. यापुढेही आपले असेच सहकार्य लाभावे ही नम्र विनंती."

मुख्याध्यापकांनी वाचलं, छान म्हणाले आणि जावक क्रमांक घालायला सांगितलं. क्लार्क सुट्टीवर होते म्हणून ते माझ्या टेबलावरच राहिलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या १७ वर्षांखालच्या संघाची कर्णधार हजेरीपट ठेवायला आली आणि तिने ते वाचलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, आमी गरीब कित्याक?"

मी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, की अशा पत्रात तसं लिहायची पद्धत असते. ती गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "आनी ह्या पत्रात आमी खंयच नाय."

ती दुसरं जे बोलली ते पहिल्याहून जास्त खरं होतं. त्या पत्रातला गणवेश हा शब्द काढून पाण्याची टाकी घातली असती तरी एकही वाक्य अडलं नसतं. कबड्डी नव्हती, नंबर नव्हते, आमची लाल माती नव्हती. "आत्मविश्वास द्विगुणित" हे मी कुठल्या मोजमापाने लिहिलं होतं? जर्सी तोवर कुणी अंगातही घातली नव्हती. आणि "गोरगरीब" हा शब्द तर खोटाच होता. संघात रापणीवर जाणाऱ्यांच्या मुली आहेत, आंबा-काजूच्या बागा असलेल्यांच्या आहेत, एसटीच्या कंडक्टरची आहे, एक शिक्षिकेची आहे. जर्सी नव्हत्या त्या शाळेकडे. घरची परिस्थिती आणि संघाचे कपडे यांचा संबंध मी नुसत्या सवयीने जोडून टाकला होता.

त्या दिवशी एक गोष्ट केली आणि ती पुढेही उपयोगी पडली. पत्राचे दोन भाग केले. शाळेच्या लेटरहेडवर फक्त पोच: अमुक तारखेला इतक्या जर्सी, इतक्या शॉर्ट, इतक्या किमतीचं बिल, माल तपासून घेतला, साठा नोंदवहीत नोंद केली, जावक क्रमांक, सही, शिक्का. कारखान्याच्या हिशेबनिसाला एवढंच हवं असतं आणि ते त्याच दिवशी हवं असतं. ती पोच लगेच पाठवली. आभाराचं पत्र मात्र थांबवलं. जर्सी घालून मुली खेळल्याशिवाय त्या जर्सींचं काय झालं हे मालकांना लिहिता येणार नव्हतं. पोच गेलेली असल्यामुळे उशीर झाला असं मालकांनाही वाटलं नाही. शिवाय किंमत पोचेत लिहून झाली होती, त्यामुळे पत्रात रुपयांचा उल्लेख करण्याची गरजच उरली नाही.

स्पर्धा झाली. निकाल सांगून टाकते. १४ वर्षांखालच्या मुली पहिल्याच सामन्यात हरल्या. १७ वर्षांखालच्या मुलींनी पहिला सामना जिंकला, दुसरा सहा गुणांनी गेला.

सोमवारी मी चोवीस जणींना वर्गात बसवलं आणि चिठ्ठ्या वाटल्या. फळ्यावर प्रश्न लिहिला: नवीन जर्सी घालून तुला काय वाटलं? दहा मिनिटांत चोवीस चिठ्ठ्या परत आल्या. "खूप छान वाटले." "आनंद झाला." "आम्ही खऱ्या खेळाडू वाटलो." एकीने तर "माझा आत्मविश्वास वाढला" असंही लिहिलं होतं. मला वाईट वाटलं, कारण ते वाक्य तिला आमच्याच निबंधांनी शिकवलेलं होतं.

चूक प्रश्नात होती. काय वाटलं असं विचारलं की मुलं शिक्षकाला आवडेल ते लिहितात. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या पुन्हा वाटल्या, पण या वेळी वाटण्याबद्दल काहीच विचारलं नाही. फळ्यावर लिहिलं: गेल्या वर्षी सामन्याच्या आदल्या रात्री आणि सामन्याच्या दिवशी तुझ्या कपड्यांचं काय काय झालं? यंदा काय झालं? नाव लिहू नका, घडलं ते लिहा.

या वेळी अर्धा तास कुणी मान वर केली नाही.

एकीने लिहिलं होतं की गेल्या वर्षी सरावानंतर धुतलेला टी-शर्ट वाळला नाही. तालुक्याच्या स्पर्धा भर पावसाळ्यात येतात. आमच्याकडे श्रावणात सुती कापड पडवीत दोन-दोन दिवस ओलं राहतं. आईने तो रात्री चुलीवर धरला. सकाळी त्याला धुराचा वास येत होता आणि दुसऱ्या शाळेच्या मुलींनी पकड करताना नाक मुरडलं, हे तिला वर्षभर लक्षात होतं. नवी जर्सी पॉलिस्टरची आहे. रात्री पिळून वलणीवर टाकली आणि सकाळी सुकी होती, एवढंच तिने यंदाचं लिहिलं.

दुसरी चिठ्ठी एका छोटीची होती. नऊ टी-शर्ट दोन संघांना पुरवायचे म्हणजे लहान मुलींचा सामना संपला की ते उतरवून मोठ्या मुलींना द्यायचे. कपडे बदलायला जागा म्हणजे यजमान शाळेचा एखादा वर्ग, दाराला दप्तर लावलेलं. "माझा घामाने भिजलेला टी-शर्ट ताईने घातला. ती काही बोलली नाही पण मला लाज वाटली." हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं, किती वर्षं पाहत होते. ते वाटप मीच तर करत असे. त्या लाजेचा मला पत्ता नव्हता.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या मात्र नंबरबद्दल होत्या. हे मला थोडं समजावून सांगायला हवं, कारण कबड्डी न खेळलेल्याला नंबर म्हणजे शोभेची गोष्ट वाटते.

कबड्डीत खेळाडू बाद झाली की बाहेर बसते आणि तिच्या संघाने समोरची बाद केली की आपली एक आत येते. पण कोणती? मनाला येईल ती नाही. जी आधी बाद झाली ती आधी आत येते. बाद होण्याचा जो क्रम तोच परतण्याचा क्रम. हा क्रम गुणलेखक लिहून ठेवतो आणि तो नावाने लिहीत नाही, नंबराने लिहितो. सात मुली एकमेकींसारख्या मळलेल्या, केस घट्ट बांधलेल्या, सामना भरात. पाठीवरचा नंबर दिसला नाही तर त्या वहीला काही अर्थ उरत नाही.

आमच्या जुन्या टी-शर्टवरचे नंबर केव्हाच उडून गेले होते. गेल्या वर्षी आम्ही कागदावर स्केचपेनने नंबर लिहून टाचण्या लावल्या. पंचांनी बरोबरच काढायला लावल्या, कारण पकडीत त्या टाचण्या कुणाच्याही हातात किंवा डोळ्यात जाऊ शकतात. मग चिकटपट्टीने लावले. मैदान ओलं होतं. पहिल्या पकडीत दोन जणी मातीत लोळल्या आणि उठल्या तेव्हा दोघींच्या पाठी कोऱ्या होत्या. उत्तरार्धात आमची एक चढाई यशस्वी झाली, एकीला आत यायचं होतं. आमच्यातली चांगली चढाई करणारी मुलगी उठून आत गेली, आपलाच क्रम आहे असं तिला खरंच वाटत होतं. गुणलेखकाच्या वहीत दुसरीचा नंबर आधी होता. समोरच्या संघाने हरकत घेतली, खेळ थांबला, पंचांनी तिला बाहेर काढलं. आजूबाजूने कुणीतरी "फसवतंत" असं ओरडलं.

तो सामना आम्ही तसाही हरत होतो, गुणांचा त्यात फार प्रश्न नव्हता. पण ती मुलगी त्यानंतर महिनाभर सरावाला आली नाही. मला वाटलं होतं हरल्यामुळे. तिने चिठ्ठीत लिहिलं होतं: "मी फसवले नव्हते. यंदा पाठीवर नंबर छापलेला होता. मी तीन वेळा बाद झाले आणि तीन वेळा बरोबर आत आले. कोणी काही बोलले नाही."

चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण ती कुणाची हे मला विचारावं लागलं नाही. मी ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरून बसले होते. "आत्मविश्वास द्विगुणित" या माझ्या वाक्याच्या जागी आता "कोणी काही बोलले नाही" हे वाक्य आलं होतं.

आणि एक चिठ्ठी फक्त दोन ओळींची होती. "मी राखीव आहे. मी खेळले नाही. पण माझ्याकडे १२ नंबरची जर्सी आहे." नऊ टी-शर्टच्या काळात सात खेळणाऱ्या आणि दोन राखीव यांनाच कपडे पुरत. उरलेल्या तीन जणी शाळेच्या गणवेशात, ओढणी लावून, बाकावर. सामन्याआधी दोन्ही संघ रांगेत उभे राहून हस्तांदोलन करतात, तेव्हा या तीन मुली रांगेत येतच नसत. त्यांना कुणी येऊ नका म्हटलेलं नव्हतं. त्या आपल्या आपणच मागे थांबायच्या.

आता दुसरा मसुदा लिहायला घेतला. साहित्य इतकं होतं की मी वाहवत गेले. आणि यात दोन चुका केल्या.

पहिली. संघातल्या एका मुलीची आई त्याच कारखान्यात काजू सोलायला जाते. मला वाटलं, किती सुंदर योग आहे, आई तिथे काम करते आणि त्याच कारखान्याची जर्सी लेक घालते. मी त्यावर एक पूर्ण परिच्छेद लिहिला, काजूच्या टरफलाच्या तेलाने काळे पडणारे हात वगैरे. नाव घातलं नव्हतं, पण अशा कारखान्यात ते कुणालाही ओळखता आलं असतं. पाठवण्याआधी मी तो मसुदा त्या मुलीला एकटीला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "बाई, हे नको. मालक आईला काही म्हणायचे नाहीत, पण बाकीच्या बायका म्हणतील. आणि उद्या आईला सुट्टी मागायची झाली तर?" चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने जे ओळखलं ते मला दिसलं नव्हतं. पत्र ज्याला जातं तो त्या घराला पगारही देतो, तेव्हा आभाराच्या वाक्याचं त्या घरावर ओझं होतं. तो परिच्छेद काढला. इथे मी त्याबद्दल लिहिते आहे ते तिला विचारून. ती आता शाळेतून बाहेर पडली आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. चार-पाच चिठ्ठ्यांमध्ये काळ्या शॉर्टबद्दल लिहिलं होतं आणि कारण स्पष्ट लिहिलं होतं. पूर्वी खाली पीटीची पांढरी पँट असायची. पाळी आलेली असताना पांढऱ्या कपड्यांत चढाईला जायचं, मातीत पडायचं, पाय फाकून पकड करायची. एकीने लिहिलं होतं की गेल्या वर्षी तिने पाय मुरगळल्याचं खोटं सांगितलं होतं आणि मी तिला स्प्रे मारला होता. खरं तर या जर्सीमुळे मुलींच्या खेळात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच. मला तो लिहायचा होता. मी मुलींना विचारलं. मोठ्यांमध्ये मतं वेगवेगळी होती, पण छोट्यांना ते नको होतं. पत्र कारखान्यात कुणाकुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पत्रात "रंग आम्ही आमच्या सोयीने गडद निवडला आणि तुम्ही तो मान्य केलात" एवढंच ठेवलं. लिहायला मिळालेलं सगळं पत्रात जात नाही. पण त्या चिठ्ठ्यांमुळे पुढच्या महिन्यात शाळेने पीटीची पांढरी पँट बदलली, म्हणजे प्रश्न विचारल्याचा उपयोग पत्राबाहेरही झाला.

बाहेरूनही दोन सूचना आल्या. मुख्याध्यापकांना पराभवाचा उल्लेख नको होता. देणाऱ्याला वाईट वाटेल असं त्यांचं मत. मी म्हटलं, निकाल त्यांना गावात कुणीतरी सांगेलच, मग आपल्या पत्रातली बाकीची वाक्यंही त्यांना संशयाने वाचावी लागतील. ते मानले. शाळा समितीतल्या एका सदस्यांना शेवटी प्रयोगशाळेच्या कपाटांचा विषय घालायचा होता, "जाता जाता". "यापुढेही असेच सहकार्य लाभावे" हे वाक्य आपण इतक्या सहज लिहितो की ती मागणी आहे हे विसरून जातो. वाचणाऱ्याच्या मनात मात्र पत्र संपताना तीच मागणी राहते. कपाटांसाठी वेगळं पत्र लिहू असं सांगितलं आणि ते नंतर लिहिलंही.

तिसरं आणि शेवटचं पत्र मुलींच्या वतीने लिहिलं. हाताने, रेघी कागदावर, कारण लेटरहेडची गरज पोचेने भागवली होती. चतुर्थीला कारखाना बंद होण्याआधी ते पोचायला हवं होतं. नाव-गाव वगळून ते पत्र असं:

"सप्रेम नमस्कार.

तुम्ही दिलेल्या जर्सी घालून आम्ही तालुक्याला खेळलो. १४ वर्षांखालचा संघ पहिला सामना हरला. १७ वर्षांखालचा संघ एक जिंकला आणि एक सहा गुणांनी हरला. हे आधी सांगतो, कारण तुम्ही विचारालच.

गेल्या वर्षी आमच्या दोन संघांत मिळून नऊ टी-शर्ट होते. छोट्या मुली खेळून आल्या की ते उतरवून मोठ्या मुली घालायच्या. पावसात ते वाळत नसत. एकीच्या आईने टी-शर्ट चुलीवर वाळवला होता आणि त्याला धुराचा वास येत होता. यंदा प्रत्येकीने आपली जर्सी घरी धुतली, रात्री वलणीवर टाकली आणि सकाळी कोरडी घातली.

गेल्या वर्षी आमचे नंबर कागदाचे होते. ते मातीत पडले आणि आमच्यातली एक चुकीच्या क्रमाने मैदानात गेली. लोक म्हणाले ती फसवते. ती फसवत नव्हती. यंदा तिच्या पाठीवर ५ नंबर छापलेला होता. ती तीन वेळा बाद झाली, तीन वेळा आपल्या क्रमाने परत आली आणि कोणी काही बोलले नाही. ती यंदा सगळ्या सरावांना आली.

आमच्यात पाच-पाच राखीव मुली आहेत. पूर्वी त्यांच्यातल्या तिघी शाळेच्या गणवेशात बाकावर बसायच्या आणि हात मिळवायच्या रांगेत येत नसत. यंदा रांगेत आम्ही बाराच्या बारा होतो. समोरच्या संघात दहा जणी होत्या, म्हणून आमच्या शेवटच्या दोघींनी पंचांशी हात मिळवला. १२ नंबरची मुलगी सामना खेळली नाही. ती म्हणते, मी खेळले नाही पण माझ्याकडे जर्सी आहे.

रंग आम्ही आमच्या सोयीने गडद निवडला आणि तुम्ही तो मान्य केलात, त्याबद्दल वेगळे आभार.

दुसऱ्या शाळेच्या एका मुलीने बाहीवरचे नाव वाचून विचारले, ही कंपनी कुठची? आम्ही सांगितले, आमच्या वाटेवरची. सकाळी सायकलने येताना काजू भाजल्याचा वास येतो तीच.

तुमचे आभार.

१ ते १२ आणि १ ते १२"

सह्यांच्या जागी प्रत्येकीने आपला नंबर आपल्या हाताने लिहिला. ही कल्पना कर्णधाराची. नावं न घालता चोवीस जणींचं पत्र झालं. फोटो पाठवायचा का यावर चर्चा झाली. पालकांची लेखी संमती घ्यायला वेळ नव्हता, म्हणून जर्सी अंगणात दोरीवर वाळत घातल्याचा फोटो काढला, चेहरा एकही नाही. मला तो नेहमीच्या फोटोपेक्षा आवडला.

एक गोष्ट मी पत्रातून गाळली आणि ती चूक होती असं आता वाटतं. दोन जर्सींची खांद्याची शिवण पहिल्याच सामन्यात उसवली होती. कबड्डीत कपडा ओढून धरणं नियमात बसत नाही, पण ओढला जातोच. दुहेरी शिवण मागायला हवी होती हे आम्हाला माहीत नव्हतं. आभाराच्या पत्रात खोट काढायची नाही म्हणून मी ते लिहिलं नाही आणि घरी बसून शिवून दिलं. कारखान्याच्या मालकांना ते एका पालकाकडून कळलं. त्यांचा फोन आला. रागावले नव्हते, पण म्हणाले, "बाई, पत्रात हरल्याचं लिहिलंत आणि शिवण उसवल्याचं नाही लिहिलंत? मी पुढच्या वर्षी तिथेच ऑर्डर दिली असती." पत्रात नाही तर नाही, पण सोबत एक वेगळी चिठ्ठी जोडता आली असती: कापड चांगलं आहे, रंग गेला नाही, खांद्याला दुहेरी शिवण लागते. ज्याने पैसे घातले त्याला ही माहिती उपयोगाची होती.

पत्र त्यांनी काजू निवडायच्या खोलीत वाचून दाखवलं, असं तिथे काजू सोलणाऱ्या त्या आईने नंतर लेकीला सांगितलं. बायका धुराच्या वासाच्या ओळीला हसल्या आणि एक जण म्हणाली की तो माझ्याच घरचा टी-शर्ट. तो तिच्या घरचा नव्हता. तसे टी-शर्ट गावात अनेक घरी वाळले असणार.

त्या फोनवर शिवणीचं बोलून झाल्यावर मालक थोडा वेळ थांबले. मग त्यांनी विचारलं, "त्या बारा नंबरचा चेडू खेळला काय मगे?"

मी म्हटलं, नाही. ती आता नववीत आहे, पुढच्या वर्षी वयात बसते.

पुढच्या वर्षी ती दुसऱ्या सामन्यात उत्तरार्धाला उतरली. एक चढाई केली, रिकामी परत आली, मग दोन पकडींत साखळी धरून उभी राहिली. नंबर तिने बदलून घेतला नव्हता. संध्याकाळी एसटी स्टँडवरून मी मालकांना फोन केला आणि एवढंच सांगितलं.